डर्मोग्राफिझम: हलके खाजवले तरी अंगावर वळ का उठतात आणि रोज काय करावे

हातावर नख हलकेच ओढले, तेवढ्यानेच पाच-दहा मिनिटांत दोरीसारखा फुगीर वळ उठला. परकराची नाडी, पर्सचा पट्टा, पायमोज्याचे इलॅस्टिक जिथे घासते तिथे रांगोळीच्या रेघेसारख्या गांधी आल्या, खूप खाज सुटली आणि तासाभरात सगळे पुन्हा सपाट झाले. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत दाखवायला काहीच उरले नाही. हा अनुभव तुमचा किंवा घरातल्या कुणाचा असेल, तर त्याला बहुधा डर्मोग्राफिझम म्हणतात. या शब्दाचा अर्थच 'त्वचेवर लिहिणे' असा आहे. बोथट टोकाने पाठीवर अक्षर काढले तर ते काही मिनिटांत उठून दिसते, म्हणून हे नाव पडले.

आपल्याकडे याला सरसकट 'अंगावर पित्त उठणे' म्हणतात. नावात पित्त असल्यामुळे उपचारही पोटाकडे वळतो. वांगे बंद होते, अंडे बंद होते, सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी सुरू होते आणि महिने गेले तरी वळ उठायचे थांबत नाहीत. हा लेख मुख्यतः एवढेच समजावण्यासाठी आहे की डर्मोग्राफिझममध्ये वळ उठवतो तो त्वचेला झालेला स्पर्श किंवा घर्षण, जेवणातला पदार्थ नव्हे. हे एकदा लक्षात आले की रोज काय करायचे आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, दोन्ही आपोआप स्पष्ट होते.

वळ उठतो म्हणजे त्वचेत नेमके काय होते?

आपल्या त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्या आत हिस्टामिन हे रसायन साठवलेले असते. जंतू किंवा विष शरीरात शिरले तर बचावासाठी या पेशी हिस्टामिन सोडतात. हिस्टामिनमुळे आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्यातून थोडे द्रव बाहेर झिरपते आणि खाजेच्या नसा चेतवल्या जातात. लाली, फुगवटा आणि खाज ही तिन्ही लक्षणे तिथूनच येतात.

डर्मोग्राफिझम असलेल्या व्यक्तीत या पेशी अति हळव्या झालेल्या असतात. इतरांच्या त्वचेवर ज्या घर्षणाने काहीच होत नाही, तेवढ्यानेच त्या हिस्टामिन सोडतात. घासलेल्या जागी आधी लाल रेघ दिसते, मग तिच्या कडेला लाली पसरते आणि पाच ते दहा मिनिटांत रेघ फुगून वर येते. अर्ध्या तासापासून दोन तासांच्या आत द्रव परत शोषले जाते आणि त्वचा पूर्ववत होते. डाग, व्रण, खपली काही राहत नाही.

सावळ्या किंवा गडद त्वचेवर लाली फारशी दिसत नाही. वळ त्वचेच्याच रंगाचा असतो. त्यामुळे डोळ्यांनी बघण्यापेक्षा बोट फिरवून बघा, फुगवटा हाताला लगेच लागतो.

निरोगी माणसांपैकीही साधारण शंभरात दोन ते पाच जणांना असे वळ उठतात, पण खाज येत नाही. त्यांना कोणत्याही उपचाराची गरज नसते. वळासोबत खाज, आग किंवा टोचल्यासारखे होत असेल तरच तो त्रास समजायचा आणि त्यावर उपचार करायचा.

पेशी हळव्या का होतात, याचे उत्तर बहुतेक रुग्णांमध्ये सापडत नाही. काही जणांना हा त्रास एखाद्या संसर्गानंतर सुरू होतो, काहींना खरजेनंतर, तर काहींना मोठ्या मानसिक ताणाच्या काळात. खरूज मात्र जरूर तपासून घ्यावी. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ असेल आणि घरातल्या इतरांनाही रात्री खाज येत असेल, तर आधी खरजेचा उपचार करावा लागतो.

हा त्रास संसर्गजन्य नाही. तो रक्त 'खराब' झाल्याने होत नाही आणि यकृताशीही त्याचा संबंध नसतो.

एक उदाहरण

ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एका रुग्णाची हकीकत सांगतो. वय ३१, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आठ महिन्यांपासून अंगाला खाज आणि वळ. संध्याकाळी घरी आल्यावर कपडे बदलताना सर्वांत जास्त. घरच्यांच्या सल्ल्याने त्यांनी आधी वांगे आणि अंडी सोडली, मग शेंगदाणे, दही, आंबट, शेवटी तूरडाळही. वजन ५४ किलोवरून ४९ वर आले होते. मोठे पॅनेल असलेली रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी करून झाली होती. तिच्यात बऱ्याच पदार्थांपुढे 'सौम्य पॉझिटिव्ह' लिहिले होते आणि तो कागद स्वयंपाकघरात चिकटवलेला होता.

औषधे दोन होती. रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी, आणि खाज असह्य झाली की मेडिकलमधून आणलेली 'पित्ताची गोळी'. त्या गोळीने तासाभरात छान वाटायचे, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा घेतली जायची. मी रिकामी स्ट्रिप मागवली. तिच्यावर बारीक अक्षरांत अ‍ॅलर्जीच्या औषधासोबत बीटामेथासोन लिहिलेले होते. हे स्टेरॉइड आहे. आपण स्टेरॉइड घेतो आहोत, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

मी तीन प्रश्न विचारले. वळ नेमके कुठे उठतात? कमरेला नाडीच्या जागी, खांद्यावर पर्सच्या पट्ट्याखाली, आणि वह्या तपासताना टेबलाच्या कडेवर घासला जाणारा हात, असे उत्तर आले. एक वळ किती वेळ टिकतो? तासाभरात जातो. काहीही घासलेले नसताना, झोपेतून उठल्यावर अंगभर गोल चट्टे येतात का? नाही. ही तीन उत्तरे मिळाली की निदान जवळजवळ झालेले असते.

त्या दिवसापर्यंत पाच दिवस त्यांनी अ‍ॅलर्जीची कोणतीही गोळी घेतली नव्हती, त्यामुळे लगेच चाचणी करता आली. घसा बघताना जीभ दाबायची लाकडी पट्टी असते, तिच्या कडेने मी त्यांच्या हाताच्या आतल्या बाजूवर एक रेघ ओढली. शेजारी बसलेल्या पतीच्या हातावरही तशीच, तेवढ्याच दाबाने. मिनिटाच्या आत दोघांच्या हातावर फिकट लाल रेघ आली. पाच मिनिटांनी पतीची रेघ पुसट झाली आणि त्यांची फुगायला लागली. दहाव्या मिनिटाला तिथे पेन्सिलीएवढा जाड वळ आणि खाज होती. पाऊण तासाने हात पुन्हा सपाट झाला होता. मध्ये त्यांनी काहीही खाल्लेले नव्हते. ती चाचणी पाहून दोघांनाही जे पटले, ते माझ्या बोलण्याने इतके पटले नसते.

मग अ‍ॅलर्जीचे रिपोर्ट पॉझिटिव्ह कसे येतात?

रक्ताच्या पॅनेलमध्ये एखाद्या पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडे दिसली, तर त्याचा अर्थ शरीराने तो पदार्थ ओळखला आहे एवढाच होतो. तो खाल्ल्याने त्रास होतोच, असे त्यातून सिद्ध होत नाही. अनेक निरोगी माणसांमध्येही असे सौम्य पॉझिटिव्ह निकाल येतात. खरी अन्नाची अ‍ॅलर्जी असेल तर तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत त्रास होतो, आणि प्रत्येक वेळी होतो. 'कधी वांगे खाल्ल्यावर होते, कधी न खाता होते' ही अन्नाच्या अ‍ॅलर्जीची चाल नाही.

त्वचेवर टोचून करायच्या अ‍ॅलर्जी चाचणीत तर आणखी एक फसगत आहे. डर्मोग्राफिझममध्ये नुसत्या टोचण्यानेच गांधी उठते. मग द्रावण धुळीचे असो, दुधाचे असो वा साध्या सलाइनचे, सगळ्याच जागा फुगतात. सलाइनची जागा फुगली असेल तर ती संपूर्ण चाचणी विश्वासार्ह धरता येत नाही. तुमच्याकडे असा रिपोर्ट असेल तर सलाइनपुढे काय लिहिले आहे ते डॉक्टरांना बघायला सांगा.

फक्त डर्मोग्राफिझम असेल आणि बाकी तब्येत चांगली असेल, तर निदानासाठी कोणत्याही रक्ततपासणीची गरज नसते. वरच्या शिक्षिकेचे मी फक्त हिमोग्लोबिन तपासले. तेही वळांसाठी नव्हे, तर इतके महिने डाळ-अंडी सोडल्यामुळे. ते ९.८ निघाले. आजारापेक्षा पथ्याने जास्त नुकसान केले होते.

घरी चाचणी करून पाहता येते का?

येते. चमच्याच्या दांड्याची बोथट कड हाताच्या आतल्या बाजूवर एकदाच, मध्यम दाबाने ओढा. त्वचा खरचटता कामा नये. घड्याळ लावून दहा मिनिटांनी बघा आणि फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना दाखवायला तो फोटो फार उपयोगी पडतो. आधीच्या तीन दिवसांत अ‍ॅलर्जीची गोळी घेतली असेल तर वळ उठणार नाही किंवा अगदी कमी उठेल. त्यावरून 'हा त्रास नाही' असा निष्कर्ष काढू नका.

हे डर्मोग्राफिझम नसेल तर?

गांधी उठण्याचे इतरही प्रकार आहेत आणि वेळेवरून त्यांतला फरक कळतो. काहीही न घासता, कुठेही गोल-वेडेवाकडे चट्टे उठत असतील आणि असे सहा आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर ती जुनाट अर्टिकेरिया असते. तिच्यात थोड्या तपासण्या लागतात. जड पिशव्या उचलल्यावर किंवा बराच वेळ उभे राहिल्यावर चार-सहा तासांनी तळहात-तळपाय सुजून दुखत असतील, तर तो दाबामुळे उशिरा येणारा प्रकार आहे. घाम आल्यावर मोहरीएवढ्या बारीक गांधी उठत असतील, तर तो आणखी वेगळा प्रकार. एकाच व्यक्तीत यातले दोन प्रकार एकत्रही असू शकतात.

एकच वळ २४ तासांहून जास्त टिकत असेल, खाजेपेक्षा दुखत जास्त असेल आणि गेल्यावर निळसर-तपकिरी डाग ठेवत असेल, तर ते डर्मोग्राफिझम नव्हे. त्यात रक्तवाहिन्यांना सूज असण्याची शक्यता असते आणि त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. हे ओळखण्यासाठी नव्या वळाभोवती पेनाने गोल करा, वेळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा.

औषध: कोणते आणि कसे घ्यायचे

या आजाराचे मुख्य औषध म्हणजे झोप न आणणारी किंवा कमी आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, लोरॅटाडिन, बिलास्टिन ही त्यातली नेहमीची नावे. त्यांपैकी कोणती घ्यायची हे तुमचे काम, इतर आजार आणि चालू औषधे बघून डॉक्टर ठरवतात.

गोळी निवडण्याइतकेच ती कशी घेतो हे महत्त्वाचे आहे आणि बहुतेकांची चूक इथेच होते. हिस्टामिन ज्या जागी जाऊन चिकटते, ती जागा ही गोळी आधी अडवून ठेवते. हिस्टामिन सुटून गेल्यावर, वळ उठल्यावर गोळी घेतली तर तिचा परिणाम व्हायला तासभर लागतो आणि तोवर वळ आपोआपच गेलेला असतो. म्हणून 'खाज आली की गोळी' ही पद्धत इथे चालत नाही. रोज, ठरलेल्या वेळी, वळ असो वा नसो, गोळी घ्यायची. त्रास संध्याकाळी वाढत असेल तर गोळीची वेळ संध्याकाळी लवकरची ठेवता येते.

दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्यावी. संत्रे, सफरचंद अशा फळांच्या रसासोबत घेतली तर ती कमी शोषली जाते. बिलास्टिन जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर घ्यावी लागते.

रोजच्या एका गोळीने दोन ते चार आठवड्यांत पुरेसा आराम पडला नाही, तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवतात. मोठ्या माणसांमध्ये ती नेहमीच्या चौपट मात्रेपर्यंत नेता येते. हे ऐकून अनेकांना भीती वाटते, पण अर्टिकेरियाच्या आंतरराष्ट्रीय उपचार-मार्गदर्शनात ही पद्धत आहे. मात्र मूत्रपिंडाचा आजार, वय जास्त असणे, गर्भारपण किंवा मूल लहान असणे, यात हिशेब बदलतो. त्यामुळे स्वतःहून दोनच्या चार गोळ्या करू नका.

त्यानेही भागले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ ओमॅलिझुमॅब नावाचे इंजेक्शन सुचवू शकतात. ते महाग असते आणि अगदी थोड्या रुग्णांना लागते.

कोणती औषधे टाळावीत

क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन यांसारख्या जुन्या गोळ्यांनी खाज कमी होते, पण गुंगी येते. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहू शकते. दुचाकी चालवणाऱ्यांनी आणि मशीनवर काम करणाऱ्यांनी रोजच्या वापरासाठी त्या घेऊ नयेत. नव्या गोळ्यांपैकी सेटिरिझिननेही काही जणांना झोप येते. पहिले दोन-तीन दिवस अंदाज घेऊन मगच गाडी चालवा.

स्टेरॉइडच्या गोळ्या या आजारात दीर्घकाळ वापरायच्या नाहीत. त्या मास्ट पेशींचा हळवेपणा घालवत नाहीत, पण रक्तातील साखर, रक्तदाब आणि हाडे यांच्यावर परिणाम करतात. तुमच्या 'पित्ताच्या गोळी'च्या स्ट्रिपवर बीटामेथासोन, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असे नाव आहे का ते बघा. ही गोळी तुम्ही रोज आणि काही आठवड्यांपासून घेत असाल, तर एकदम बंद करू नका. स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा, ती हळूहळू कमी करावी लागते.

अ‍ॅसिडिटीची गोळी छातीतल्या जळजळीसाठी असते. वळांवर तिचा उपयोग होत नाही. जळजळ नसेल तर ती कशासाठी चालू आहे, हे डॉक्टरांना विचारा.

रोजच्या जगण्यातले बदल

सगळे घर्षण टाळणे कुणालाच शक्य नाही. म्हणून दिवसातून सर्वांत जास्त घासणाऱ्या दोन-तीन जागा शोधा आणि त्यांवरच काम करा.

कपड्यांमध्ये मुख्य अडचण कमरेला असते. परकर किंवा सलवारीची बारीक नाडी एका रेघेत दाब देते. तिच्याऐवजी रुंद, मऊ पट्टी वापरली तर तोच दाब पसरतो आणि वळ कमी उठतो. अंतर्वस्त्रांचे पट्टे रुंद असावेत, मोज्यांचे इलॅस्टिक सैल. आत सुती कपडा असेल तर वरून जरीची साडी किंवा लोकरीचा स्वेटर चालतो. खांद्यावरच्या पर्सचा पट्टा रुंद घ्या आणि आतले ओझे कमी करा.

आंघोळीला कोमट पाणी घ्या. कढत पाण्याने आणि घासणीने खाज वाढते. खरखरीत पंचाने अंग रगडून पुसण्याऐवजी मऊ टॉवेल टेकवून पाणी टिपा. दिवाळीत उटणे लावायचे असेल तर ते पातळ कालवून हाताने नुसते लावा आणि धुऊन टाका, चोळू नका. अंग ओलसर असतानाच साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावा. कोरड्या त्वचेला खाज येते, खाजेने हात जातो आणि हात गेला की वळ उठतो. थंडीच्या दिवसांत हा फेरा विशेष जाणवतो.

खाज सुटली की नख लावू नका. त्या जागी तळहात ठेवून स्थिर दाबा, किंवा थंड पाण्यात पिळलेले फडके पाच-दहा मिनिटे ठेवा. मात्र गार पाण्याने किंवा गार वाऱ्याने गांधी उठत असतील त्यांनी थंड फडके वापरू नये. कॅलामाइन लोशननेही तात्पुरते बरे वाटते. नखे कापलेली ठेवा.

घरोघरी अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावतात. ते गार असल्याने थोडा आराम वाटतो आणि त्वचा फुटलेली नसेल तर सहसा अपाय होत नाही. पण आमसूल अंगावर चोळणे म्हणजे पुन्हा घर्षणच. घोंगडी पांघरायला सांगतात, तिचेही तेच. लोकरीचे खरखरीत केस त्वचेला घासतात आणि नवे वळ उठतात.

त्या शिक्षिकेचे पुढे काय झाले

त्या दुचाकीने शाळेत जायच्या, म्हणून फेक्सोफेनाडिन १८० मिलिग्रॅम रोज संध्याकाळी पाच वाजता, पाण्यासोबत सुरू केली. अ‍ॅसिडिटीची गोळी आणि स्टेरॉइडवाली गोळी बंद केली. स्टेरॉइड रोज घेतलेले नव्हते, त्यामुळे ते थांबवता आले. सोडलेले पदार्थ दर दोन दिवसांनी एक याप्रमाणे परत सुरू करायला सांगितले. हे वैद्यकीय गरजेपेक्षा घरच्यांची भीती जावी म्हणून होते. एका वहीत रोज रात्री दोनच गोष्टी लिहायच्या होत्या: खाज शून्य ते दहापैकी किती, आणि आज अंगाला काय घासले.

पहिल्या दिवशी खाज आठ होती. दोन आठवड्यांनी पाचवर आली. वहीत तोवर अंडी, डाळ, दही, शेंगदाणे आणि वांगेही परत आले होते आणि त्या दिवशी खाज वाढल्याची एकही नोंद नव्हती. आकडा वाढलेला होता तो वह्यांचा गठ्ठा असलेली पर्स खांद्याला लावून गर्दीच्या बसने प्रवास केलेल्या तीन दिवशी. मात्रा सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी केली, परकराला रुंद पट्टी शिवली. सहाव्या आठवड्याला आकडा दोनवर होता. हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या वेगळ्या चालू होत्या.

तीन महिने सलग आराम राहिल्यावर एक गोळी कमी केली, ते जमले. सहा महिन्यांनी एक दिवसाआड घेऊन पाहिले, तर आठवड्याभरातच खाज पाचवर गेली. म्हणून पुन्हा रोज एक गोळी सुरू केली. आजार गेलेला नाही, पण त्या सगळे जेवतात, वजन ५३ झाले आहे आणि रात्रीची झोप लागते.

किती काळ चालतो? गोळी कधी थांबवायची?

हा त्रास काही महिन्यांत जाऊ शकतो, पण बऱ्याच जणांमध्ये तो काही वर्षे राहतो आणि मग हळूहळू ओसरतो. गोळी आजार मुळातून काढत नाही, आजार ओसरेपर्यंत त्रास दाबून ठेवते. त्यामुळे आराम पडल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा कमी करून बघायची. वळ परत आले तर उपचार फसला असे नव्हे, अजून वेळ आहे एवढेच.

गोळी एकदम थांबवू नका. विशेषतः सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन रोज अनेक महिने घेतल्यावर अचानक बंद केली, तर थोड्या लोकांना काही दिवसांत सर्वांगाला तीव्र खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने २०२५ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. ती खाज बहुतेकदा औषध पुन्हा सुरू केल्यावर जाते, आणि नंतर ते हळूहळू कमी करता येते.

लहान मुलांबाबत

मुलाच्या पाठीवर किंवा हातावर बोटांच्या रेघांसारखे वळ दिसले की शाळेत किंवा शेजारी मारहाणीचा संशय येऊ शकतो. वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी द्या. माराचा वळ तासाभरात सहसा पूर्ण जात नाही, डर्मोग्राफिझमचा जातो. मुलाच्या अंगावर कायमचे तपकिरी डाग असतील आणि नेमके तेच डाग चोळल्यावर फुगत असतील, तर तो मास्ट पेशींचा वेगळा आजार असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

डॉक्टरांना कधी भेटावे?

खाजेमुळे झोप किंवा काम बिघडत असेल, रोजच्या गोळीने चार आठवड्यांत फरक पडला नसेल, वळ २४ तासांहून जास्त टिकत असतील किंवा सोबत ताप, सांधेदुखी असेल तर भेटीची वेळ घ्या. गर्भवती आणि स्तनदा मातांनी कोणतीही गोळी विचारूनच घ्यावी.

ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वास लागणे, चक्कर येणे ही डर्मोग्राफिझमची लक्षणे नाहीत. ती दिसली तर गोळी घेऊन वाट बघत बसू नका. रुग्णाला ताबडतोब जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या किंवा १०८ वर फोन करा.

पहिल्या भेटीला येताना तीन गोष्टी सोबत आणा: वळांचे वेळेसह काढलेले फोटो, घेतलेल्या सर्व गोळ्यांच्या स्ट्रिप्स आणि सोडलेल्या पदार्थांची यादी. बहुतेक वेळा त्या यादीतले सगळेच पदार्थ ताटात परत आणता येतात.